कल्ट, सेक्ट की नवा धर्म? मोजपट्टी कोणती आणि वाद कसा घालायचा

सप्टेंबर १९८५च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रजनीशांच्या अनुयायांनी स्वतःच्याच धर्माचं पुस्तक जाळलं. ७८ पानांचं ते ‘रजनीशिझम’चं पुस्तक १९८३ साली त्यांच्याच संस्थेने काढलं होतं. त्याच्या पाच हजार प्रती आगीत गेल्या. आपण धर्मगुरू नाही, लाल कपड्यांची आणि गळ्यातल्या माळेची आता सक्ती नाही, असं रजनीशांनी जाहीर करून टाकलं. म्हणजे मोजकी काही वर्षंच हा समूह स्वतःला धर्म म्हणवत होता. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. आसपासच्या रहिवाशांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी मात्र सर्रास एकच शब्द होता: कल्ट.

अशा समूहाला काय म्हणावं, हे धर्माच्या समाजशास्त्रज्ञांना विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. याचं कारण अभ्यासकांमधला गोंधळ हे नाही. त्यांच्या मोजपट्ट्या मुळातच वेगवेगळे प्रश्न विचारतात. वाद घालणारे बहुतेक जण एका पट्टीवर मोजतात आणि दुसऱ्या पट्टीवरचा निकाल सांगतात. म्हणून रजनीशांचा समूह समोर ठेवून या पट्ट्या एकेक करून लावून पाहू.

पहिली पट्टी जर्मन. माक्स वेबरने चर्च आणि सेक्ट यांत जो फरक केला तो प्रवेशाचा होता. चर्चमध्ये माणूस जन्माने असतो. सेक्टमध्ये तो स्वतःहून जातो आणि त्याला पात्रता सिद्ध करावी लागते. वेबरचा मित्र एर्न्स्ट ट्रोल्च याने १९१२च्या आपल्या ग्रंथात ही जोडी विस्ताराने मांडली आणि तिच्या शेजारी तिसरा, व्यक्तिगत गूढानुभवाचा प्रकार ठेवला. १९२९मध्ये अमेरिकेत रिचर्ड नीबूर यांनी त्यात काळाचं परिमाण आणलं. सेक्ट मूळ जोमाने फार तर एक पिढी टिकतो. मुलं आली की ती जन्मानेच आत असतात, त्यांना शाळा हव्या असतात, शेजाऱ्यांशी जमवून घ्यावं लागतं, आणि हळूहळू तो प्रतिष्ठित संप्रदाय होतो.

ही पट्टी युरोपातल्या ख्रिस्ती समाजावर बेतलेली आहे. देशात एक मान्य चर्च आहे आणि उरलेले त्याच्याशी फारकत घेणारे, हे तिने गृहीत धरलं आहे. आपल्याकडे असं मध्यवर्ती चर्च कधी नव्हतंच. वारकरी माणूस माळ स्वतःहून घालतो, तेव्हा वेबरच्या हिशेबाने तो सेक्टमध्ये जातो. पण तो कशातून बाहेर पडलेला नसतो. त्याचं कुलदैवत, लग्नविधी, जात सगळं होतं तिथेच राहतं. त्यामुळे मराठीतले ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे शब्द सेक्टसाठी बिनदिक्कत वापरणारा लेखक पहिल्याच पायरीवर घसरतो. या लेखात मी सेक्ट आणि कल्ट हे शब्द तसेच ठेवले आहेत, ते यामुळेच.

दुसरी पट्टी अमेरिकन आणि जास्त काटेकोर. १९६३मध्ये बेंटन जॉन्सन यांनी चर्च-सेक्ट फरकातली सगळी अडगळ काढून एकच गोष्ट ठेवली: भोवतालच्या समाजाशी समूहाचा ताण किती? पुढे १९७९मध्ये रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी ताणाचे तीन घटक पाडले. आचारविचारांतलं वेगळेपण, परस्परांविषयीचं वैर आणि संबंधांतला तुटकपणा. पण त्यांची महत्त्वाची भर पुढेच आहे. ताण जास्त असलेल्या समूहांचे दोन प्रकार होतात, असं ते म्हणतात, आणि तो फरक उगमाचा असतो. जुन्याच धर्मातून फुटून ‘आम्हीच खरं मूळ रूप जपतो’ म्हणणारा तो सेक्ट. ज्याची मुळं त्या समाजातल्या रूढ धर्मात नाहीत, जो एक तर नव्याने रचला गेला किंवा बाहेरून आला, तो कल्ट. इथे कल्ट या शब्दात निंदा नाही. तो केवळ ‘इथल्या मुळाचा नाही’ एवढंच सांगतो.

याचा गमतीदार परिणाम इस्कॉनमध्ये दिसतो. भक्तिवेदान्त स्वामींनी १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ही संस्था नोंदवली. न्यूयॉर्कमध्ये ती बाहेरून आलेली, म्हणून स्टार्क-बेनब्रिज यांच्या व्याख्येने कल्ट. जुहूच्या मंदिरात तीच संस्था, तीच आरती, तेच ग्रंथ; पण इथे ती चैतन्य महाप्रभूंच्या गौडीय परंपरेची शाखा. १९७७मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या न्यायालयात इस्कॉनच्या पदाधिकाऱ्यांवर तरुणांची मनं ताब्यात घेतल्याचे आरोप आले, तेव्हा न्यायाधीशांनी ते फेटाळताना या धर्माची भारतातली मुळं किती जुनी आहेत याचा आधार घेतला. समाजशास्त्राच्या पट्टीवर ज्या परदेशी उगमामुळे संस्था कल्ट ठरत होती, तोच उगम न्यायालयात तिच्या अस्सलपणाचा पुरावा ठरला.

रजनीशांना ही पट्टी लावताना स्टार्क-बेनब्रिज यांची आणखी एक विभागणी उपयोगी पडते. कल्टच्या संघटनेचे ते तीन टप्पे करतात: नुसते श्रोते, मग ग्राहक, आणि शेवटी पूर्ण चळवळ. साठच्या दशकात जबलपूरची प्राध्यापकी आणि नंतर गावोगावची व्याख्यानं, इथे लोक ऐकायचे आणि घरी जायचे. हा श्रोत्यांचा टप्पा. १९७०पासून संन्यासदीक्षा, नवं नाव आणि माळ आली. १९७४ साली पुण्यात कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला आणि तिथे ध्यानाबरोबर पाश्चात्त्य धर्तीच्या गट-उपचारांची शुल्क घेऊन शिबिरं सुरू झाली. बरेच जण काही आठवड्यांसाठी येत, उपचार घेत आणि परत जात. हे नातं वैद्य आणि रुग्णाच्या जवळचं. गुरूजवळ कायम राहणारेही होते, म्हणून पुणे एका टप्प्यात नीट बसत नाही. १९८१नंतर ओरेगनमध्ये ६४ हजार एकरांचं रान घेऊन त्यांनी रजनीशपुरम नावाचं शहर वसवलं, तिथे शंका राहत नाही. स्वतःची नगरपालिका, स्वतःचं पोलीस दल, सगळ्यांचा एक रंग, दिवसभराचं काम संस्थेसाठी. वेगळेपण, वैर आणि तुटकपणा तिन्ही टोकाला पोचले. या पट्टीवर रजनीशांचा समूह सुरुवातीपासून शेवटपर्यंत कल्टच आहे. फक्त त्याची घडण श्रोत्यांपासून चळवळीपर्यंत घट्ट होत गेली.

आता तिसरी पट्टी लावली की चित्र उलटतं. ब्रिटनचे रॉय वॉलिस यांनी सत्तरच्या दशकात सायंटॉलॉजीचा अभ्यास करताना विचारलं, की सत्य कुणाच्या ताब्यात आहे? जिथे प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवावरून काय घ्यायचं ते ठरवतो आणि आमचा मार्ग हा अनेकांपैकी एक असं मानलं जातं, त्याला वॉलिस कल्ट म्हणतात. जिथे ‘सत्य फक्त आमच्याकडे’ आणि त्याचा अर्थ लावायचा अधिकार मध्यवर्ती सत्तेकडे, तो सेक्ट. १९५०मध्ये आलेल्या रॉन हबर्ड यांच्या डायनेटिक्सच्या पुस्तकाभोवती जमलेले गट सैल होते, जो तो आपली भर घालत होता. ते कल्ट. हबर्ड यांनी सगळी सूत्रं हाती घेऊन सायंटॉलॉजी उभी केली, तेव्हा सेक्ट. ध्यानात घ्या, इथे कल्ट हा ढिला, सहिष्णू, फारसा धोका नसलेला प्रकार आहे. वर्तमानपत्रांतल्या कल्टच्या बरोबर विरुद्ध.

या पट्टीवर पुण्यातले रजनीश कल्टच्या बाजूला झुकतात. बुद्ध, कबीर, येशू, लाओत्से, पतंजली, झेन या सगळ्यांवर प्रवचनं देणारा आणि आज म्हटलेलं उद्या मोडणारा गुरू एकच सत्य कुणाच्या हाती देत नाही. अर्थात, गुरूला शरण जाण्याची अपेक्षा तेव्हाही होती, म्हणून ‘झुकतात’ एवढंच म्हणता येतं. ओरेगनमध्ये ते बदललं. १९८१च्या वसंतापासून रजनीश साडेतीन वर्षं जाहीर बोलले नाहीत. बोलत होत्या त्यांच्या सचिव शीला. त्याच काळात ‘रजनीशिझम’चं पुस्तक आलं, म्हणजे सैल प्रवचनांचा अधिकृत मजकूर झाला. हा वॉलिस यांच्या अर्थाने कल्टचा सेक्ट होणं आहे. पुस्तक जाळलं गेलं तो दिवस म्हणजे सेक्ट मोडून पुन्हा कल्टकडे वळण्याचा प्रयत्न.

एकाच समूहाबद्दल एक विद्वान म्हणतो ‘सगळा काळ कल्ट, सेक्ट कधीच नाही’, दुसरा म्हणतो ‘कल्टचा सेक्ट झाला आणि पुन्हा सैल पडला’. दोघंही बरोबर आहेत. एक उगम विचारतो, दुसरा अधिकार. ज्या निबंधात स्टार्क यांची व्याख्या देऊन वॉलिस यांचा निष्कर्ष काढलेला असतो, तो निबंध पहिल्या परिच्छेदातच हरलेला असतो.

‘नवधार्मिक चळवळ’ हा शब्दप्रयोग या भांडणातून सुटका म्हणून आला. कल्ट या शब्दाची शिवी झाली होती, म्हणून सत्तरच्या दशकापासून पाश्चात्त्य अभ्यासकांनी हा निरुपद्रवी पर्याय उचलला. जपानमध्ये ‘नवे धर्म’ असं नाव आधीपासून रुळलेलं होतं. पण नवं म्हणजे किती नवं, आणि कुणाच्या दृष्टीने? २००४मध्ये ‘नोव्हा रिलिजिओ’ या नियतकालिकात यावर चांगलीच जुंपली. लंडनच्या आयलीन बार्कर यांचं म्हणणं, नवेपण ही खरी समाजशास्त्रीय गोष्ट आहे. पहिल्या पिढीचे सगळे सभासद स्वतःहून आलेले असतात आणि म्हणून उत्साही असतात. ते समाजाचा सरासरी नमुना नसतात. संस्थापक जिवंत असतो आणि त्याचा शब्द अंतिम असतो. जग ‘आपण’ आणि ‘ते’ असं दुभंगलेलं असतं. बाहेरचे संशयाने पाहतात. आणि सगळं झपाट्याने बदलतं. गॉर्डन मेल्टन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते या समूहांत समान असं काही नाही; समान आहे ती प्रस्थापित धर्मांनी आणि समाजाने त्यांना दिलेली परीघावरची जागा.

मला बार्कर यांची बाजू जास्त उपयोगी वाटते, कारण ती चुकू शकते. तिला उदाहरण लावून पडताळता येतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखोंनी बौद्ध धर्म स्वीकारला. पहिल्या पिढीचे दीक्षित, हे जुळतं. बाहेरचा संशय आणि वैर, हेही जुळतं. पण माणसं एकेकटी घर सोडून आली नव्हती. घरंच्या घरं, वस्त्याच्या वस्त्या आल्या. आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले, त्यामुळे जिवंत संस्थापकाच्या शब्दावर चालणारी चळवळ असं वर्णन बसतच नाही. बार्कर यांची यादी मोहोल्ल्यातून एकटा निघालेला मध्यमवर्गीय तरुण डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, हे नागपूर दाखवतं. मेल्टन यांच्या पट्टीने नागपूर मोजलं, तर उत्तर कोण मोजतं यावर ठरेल, आणि तिथून पुढे वाद जातच नाही.

उरली ती वर्तमानपत्रांची आणि काही मानसशास्त्रज्ञांची पट्टी: अपाय. कल्ट म्हणजे जो फसवून ओढतो, मन ताब्यात घेतो, घरच्यांपासून तोडतो, लुबाडतो. यातला ‘मेंदूधुलाई’चा दावा बार्कर यांनीच तपासला होता. १९७९मध्ये लंडन परिसरात मूनपंथीयांच्या शिबिरांना गेलेल्या हजारावर लोकांचा त्यांनी मागोवा घेतला. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक सामील झालेच नाहीत, आणि झालेल्यांपैकी बरेच दोन वर्षांत आपण होऊन बाहेर पडले. एवढी कुचकामी मेंदूधुलाई कोण करेल? अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने १९९०मध्ये, फिशमन खटल्यात, मनावर ताबा मिळवण्याच्या सिद्धान्तावरची तज्ज्ञसाक्ष शास्त्रीय मान्यतेअभावी नाकारली.

याचा अर्थ अपाय होत नाही असा नव्हे. ओरेगनमध्ये १९८४च्या शरदात शीला यांच्या गटाने डॅल्स गावातल्या दहा उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ लोक आजारी पडले. काउंटीच्या निवडणुकीत स्थानिकांनी मतदानाला येऊ नये, हा हेतू. गुन्हा घडला, शाबीत झाला, शिक्षा झाल्या. पण अपायावरून प्रकार ठरवायला गेलं की पट्टी फसते. १८ नोव्हेंबर १९७८ला गयानातल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून अधिक माणसं मेली. ज्या घटनेने कल्ट हा शब्द जगभर भीतीचा केला, त्या घटनेतला पीपल्स टेंपल हा समूह ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ या मान्यताप्राप्त प्रॉटेस्टंट संप्रदायाशी रीतसर जोडलेला होता. उगमाच्या पट्टीने तो कल्ट म्हणून सुरूच झाला नव्हता. फ्रान्सने १९९५च्या संसदीय अहवालात १७२ समूहांची यादी छापली. वादांची रांग लागली आणि २००५मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या परिपत्रकाने प्रशासनाला त्या यादीवर विसंबू नका असं सांगितलं. यादीत नाव आहे की नाही, यावरून पुढे काय घडेल ते कळत नव्हतं.

मग वाद घालावा कसा? माझ्या मते चांगल्या युक्तिवादाची पहिली ओळख तारखेत आणि ठिकाणात दिसते. ‘रजनीश कल्ट होते’ हे वाक्य तपासताच येत नाही. ‘१९८३ ते १९८५ या काळात रजनीशपुरममध्ये अर्थ लावण्याचा अधिकार एका गटाकडे एकवटला होता’ हे तपासता येतं, आणि कुणाला ते खोडायचं असेल तर कुठला पुरावा आणावा लागेल तेही त्याला कळतं. लुईस कार्टर यांचं १९९०चं रजनीशपुरमवरचं पुस्तक अजून वाचण्याजोगं राहिलं आहे, ते या शिस्तीमुळे.

दुसरी ओळख म्हणजे निकष आदरणीय समूहालाही लावून पाहणं. घर सोडणं, नवं नाव, ठरावीक वेष, ब्रह्मचर्य, संपत्तीचा त्याग, वरिष्ठांच्या आज्ञेत राहणं ही कल्टची लक्षणं म्हणून कुणी मांडली, तर गोव्यातल्या एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये किंवा जैन साध्वींच्या संघात ती सगळी सापडतील. मग एक तर त्यांनाही कल्ट म्हणा, नाही तर यादीत अशी गोष्ट घाला जी त्यांना वगळेल, उदाहरणार्थ बाहेर पडण्याचा मार्ग खुला आहे का, बाहेरच्या कुणाला हिशेब दाखवावा लागतो का. यादी अशी घासली गेली की ती कामाची होते. साक्षीदारांचंही असंच. रागाने बाहेर पडलेल्याची आणि आत रमलेल्याची, दोघांचीही साक्ष घ्यावी लागते; गुपचूप निघून गेलेले, ज्यांची संख्या सहसा सर्वांत मोठी असते, त्यांना शोधायचे कष्ट फार थोडे जण घेतात.

भारतात हा वाद विद्यापीठापेक्षा न्यायालयात जास्त झाला, कारण इथे प्रकार ठरला की हक्क ठरतात. संविधानाच्या २६व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा अधिकार दिला. १९५४च्या शिरूर मठाच्या निकालाने संप्रदायाच्या तीन खुणा ठरल्या: समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळं नाव. उलटा दावा स्वामीनारायण सत्संगींनी केला. मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्यातून सुटण्यासाठी, आपण हिंदूच नाही असं त्यांचं म्हणणं. १९६६मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी टिळकांनी केलेल्या हिंदूच्या व्याख्येचा आधार घेत ते फेटाळलं. सत्संगी हिंदूच, असा निकाल आला. १९८२मध्ये ऑरोविलच्या प्रकरणात बहुमताने श्रीअरविंद सोसायटी धार्मिक संप्रदाय नाही असं म्हटलं; संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांत योग आणि तत्त्वज्ञानाची भाषा होती आणि अरविंदांनीही नवा धर्म काढण्याचं नाकारलेलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचा सूर मात्र वेगळा होता.

लगेच पुढच्या वर्षी आनंदमार्ग आला. कवटी, सुरा आणि जिवंत साप घेऊन रस्त्यावर तांडवनृत्य करण्याची परवानगी त्यांना हवी होती. आनंदमार्ग हा संप्रदाय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तिन्ही खुणा जुळत होत्या. पण पंथ १९५५चा आणि तांडव आलं १९६६मध्ये. ज्याच्याशिवाय पंथ अकरा वर्षं चालला ते त्याचं आवश्यक अंग कसं, असा प्रश्न करून परवानगी नाकारली. त्यानंतर संस्थापकांनी आपल्या आचारग्रंथात तांडव लिहूनच टाकलं, कोलकाता उच्च न्यायालयाने ते मानलं, आणि प्रकरण पुन्हा वर गेलं. २००४मध्ये बहुमताने सांगितलं, की निकाल लागल्यावर ग्रंथ बदलून आवश्यक अंग तयार करता येत नाही. न्यायमूर्ती लक्ष्मणन यांनी विरोधी मत नोंदवलं.